रात्रीचे १३०० मिली

ओपीडीत समोर ठेवलेल्या फायलीवर रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'प्रोस्टेट'. वय ६९, वजन ७० किलो, मधुमेह चौदा वर्षं, रक्तदाब त्याहून जुना. तक्रार एका वाक्यात सांगून झाली. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, गोळ्यांनी काडीचाही फरक नाही, तेव्हा एकदाचं ऑपरेशन करून टाका.

फायलीत तीन निदानं होती, प्रत्येक वेगळ्या डॉक्टरांचं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४६ ग्रॅमची (नेहमीची २० ते २५ असते), म्हणून वाट सैल करणारं टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ चालू झालं आणि पुढे प्रोस्टेट आकसवणाऱ्या ड्युटास्टेराइडची भर पडली. लघवीत साखर ४+ आली, म्हणून 'शुगर कंट्रोलमध्ये नाही' असा शेरा. एका तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, १२ ते १५ दिसल्या, म्हणून पाच-पाच दिवसांचे अँटिबायोटिकचे दोन कोर्स. वरवर पाहता प्रत्येकाचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण रात्री चार वेळा उठण्याचं कारण यांतल्या एकाही कागदात नव्हतं.

इन्फेक्शनचा प्रश्न लवकर सुटला. पस सेल्सवाल्या रिपोर्टमध्ये त्याच ओळीखाली एपिथेलियल सेल्स भरपूर होत्या. म्हणजे लघवीत त्वचेच्या पेशी मिसळल्या होत्या आणि नमुना नीट घेतलेला नव्हता. जागा धुऊन, सुरुवातीची लघवी सोडून मधली धरायची हे रुग्णाला कोणी सांगत नाही, नुसती डबी हातात देतात. लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारं कल्चर पाठवलंच नव्हतं. आम्ही पाठवलं, काही वाढलं नाही. शिवाय जळजळ नव्हती, ताप नव्हता, लघवीला दुर्गंधी नव्हती. पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन झालं की बहुधा आधी खात्रीने कळतं आणि कल्चर न करता औषध देणं म्हणजे पुढच्या डॉक्टरचा पुरावा पुसून टाकणं. हे मी किती वेळा बोललो असेन त्याला गणती नाही.

साखरेची गोष्ट जास्त मजेशीर होती. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.९, म्हणजे मधुमेह बरा आटोक्यात. साधारणपणे रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते, म्हणून अनियंत्रित मधुमेहात लघवी वाढते. या काकांची साखर तिथपर्यंत क्वचितच जात असणार, मग ४+ कुठून? औषधांच्या चिठ्ठीत पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेली डॅपाग्लिफ्लोझिन होती. या गोळीचं कामच साखर लघवीतून बाहेर टाकणं. ती घेणाऱ्याच्या लघवीत साखर सापडली नाही तरच नवल. सुरुवातीला दिवसाला ३०० ते ४०० मिली लघवी जास्त होऊ शकते. उठणं तीनवरून चारवर गेलं ते नेमकं याच सुमाराला, असं काकू म्हणाल्या. काकांना ते आठवत नव्हतं.

राहिली प्रोस्टेट. बोटाने तपासल्यावर ती मोठी पण गुळगुळीत, गाठ नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायची रक्ततपासणी, पीएसए, १.४. मात्र ड्युटास्टेराइड सहा-सात महिने घेतलेल्या माणसाचा पीएसए साधारण निम्म्याने खाली आलेला असतो, म्हणून तो दुप्पट करून वाचायचा. २.८ धरला तरी चिंतेचा नव्हता. ही दुप्पट करायची गोष्ट विसरल्याने कॅन्सर लपून राहतो, म्हणून मी ती चिठ्ठीवरच लाल पेनने लिहून ठेवतो.

आता धार. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लघवीनंतर १९० मिली उरल्याचं होतं, आणि ऑपरेशनचा आग्रह बहुतेक त्या एका आकड्यावर उभा होता. मी वरचा आकडा पाहिला. लघवीपूर्वी ६१० मिली. पाणी पाजून दोन तास बसवून ठेवलेलं, मग घाईघाईत संडासात पाठवलेलं. मूत्राशय असा ताणला गेला की तो नीट आवळत नाही आणि सुदृढ माणसाच्याही मागे शंभर-दीडशे मिली राहू शकते. नेहमीची भावना झाली की सांगा, असं म्हणून पुन्हा मोजलं, तेव्हा उरले ६५ मिली. एवढ्यासाठी कोणी कोणाला टेबलावर घेत नाही.

धारेची तपासणी म्हणजे युरोफ्लोमेट्री. रुग्ण नरसाळ्यात लघवी करतो, यंत्र सेकंदाला किती मिली ते मोजून आलेख काढतं. किमान १५० मिली लघवी झाली नाही तर तो कागद फेकून द्यावा लागतो. काकांची पहिली खेप ९० मिलीची, ती वाया गेली. दुसरी २२५ मिलीची झाली आणि यंत्राने कमाल वेग छापला १७.८. पंधराच्या वर म्हणजे ठीक, असं वाचून कोणीही 'नॉर्मल' लिहिलं असतं. पण आलेख पाहिला तर एकच टोकदार सुळका, जेमतेम एका सेकंदाचा, आणि बाकी सगळी लांबलचक बुटकी टेकडी. धार नरसाळ्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेली किंवा शेवटी झटका दिला की असा सुळका येतो आणि यंत्र बिचारं त्यालाच कमाल समजतं. दोन सेकंदही न टिकणारा सुळका सोडून द्यायचा. सोडला तर कमाल वेग ९. म्हणजे धारेची तक्रार खरी होती.

मग रात्रीचं काय? इथे मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन वापरावं लागलं, लघवीचा तक्ता. तीन दिवस, प्रत्येक वेळची वेळ आणि मिली लिहायचे, मापाच्या भांड्यात मोजून. लोक पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात, म्हणून मी मधला दिवस जास्त मानतो. काकांचा मधला दिवस असा होता. दिवसा २२०, २४०, २००, २१०, १८० आणि झोपण्याआधी १३०. बेरीज ११८०. रात्री बाराला ३२०, दीडच्या पुढे ३००, तीनला २८०, साडेचारनंतर २००, आणि सकाळी उठल्यावरची २००. सकाळची पहिली लघवी रात्रीतच धरतात, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. बेरीज १३००.

प्रोस्टेटमुळे किंवा चिडलेल्या मूत्राशयामुळे उठणारा माणूस रात्री प्रत्येक वेळी थोडी थोडी करतो, ८०-१०० मिली, आणि पुन्हा भावना होते. इथे तर मूत्राशय ३२० मिली धरत होता आणि भरला म्हणूनच जागा करत होता. चोवीस तासांची बेरीज २४८०. किलोमागे ४० मिली, म्हणजे त्यांच्यासाठी २८००, ओलांडली असती तर चोवीस तास जास्त लघवी तयार होते असं म्हटलं असतं. अनियंत्रित मधुमेहात तसं दिसतं, दिवसही फुगलेला आणि रात्रही. इथे दिवस साधा होता. रात्रीचा वाटा ५२ टक्के. या वयात तो एक तृतीयांशाच्या वर गेला की मूत्रपिंडं रात्रपाळी करत आहेत असं समजायचं, आणि ती का करतात ते शोधायचं.

मी काकांना मोजे काढायला सांगितले. घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकची खोल, गोल खाच होती. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबला तर खड्डा राहिला. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, मूत्रपिंडांकडे जातं आणि मध्यरात्री मूत्राशयात जमा होतं. रक्तदाबाची गोळी ॲम्लोडिपिन साधारण दीड वर्षापूर्वी ५ वरून १० मिग्रॅ झाली होती, आणि रात्रीचं उठणं त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालं होतं. या गोळीने, विशेषतः १० च्या मात्रेत, पाय सुजतात हे प्रत्येक फिजिशियनला माहीत असतं. मूत्ररोगतज्ज्ञाला पाय बघायचे असतात हे मात्र आम्हीच विसरतो, कारण रुग्ण टेबलावर येतो तेव्हा आमचं लक्ष बेंबीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर असतं. पहिल्या भेटीत मीही पाहिले नव्हते.

पाय सुजलेत म्हणून लगेच गोळीवर खापर फोडता येत नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं. हृदयाचा इको बरा, मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.१. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं काकूंना विचारलं, कारण त्यानेही रात्री लघवी वाढते. तसं काही नव्हतं. मग फिजिशियनला चिठ्ठी लिहिली. त्यांनी ॲम्लोडिपिन कमी करून दुसऱ्या गोळीने रक्तदाब सांभाळला. डॅपाग्लिफ्लोझिनला मी हात लावला नाही, हृदय आणि मूत्रपिंडाला तिचा उपयोग असतो आणि तो निर्णय त्यांचा. काकांना सांगितलं की दुपारी चार-पाचच्या सुमाराला तासभर पाय छातीच्या पातळीला ठेवून आडवं व्हायचं, म्हणजे पायांतलं पाणी झोपण्याआधीच निघून जाईल. दिवसा दाब देणारे मोजे, आणि झोपण्याच्या तीन तास आधीपासून पाणी बेताने.

सहा आठवड्यांनी पुन्हा तक्ता. एकूण २१००, रात्रीचे ७८०, म्हणजे ३७ टक्के. आदर्श नाही, पण उठणं चारवरून दोनवर आलं. मोज्याची खाच फिकट झाली होती. धार तशीच बारीक, आणि गंमत म्हणजे त्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. ऑपरेशनचा विषय त्यांनी काढला नाही. प्रोस्टेट खरवडून काढली असती तर धार मोकळी झाली असती आणि ते रात्री चार वेळा जोरात लघवी करायला उठले असते.

या प्रकारात एक मोठा अपवाद आहे, तो सांगायला हवा. म्हातारा माणूस झोपेत नकळत अंथरूण ओलं करू लागला तर हा सगळा तक्ता बाजूला ठेवून आधी पोट दाबून बघायचं आणि सोनोग्राफी करायची. मूत्राशयात लिटरभर लघवी तुंबलेली असते, दुखत काहीच नाही, आणि क्रिएटिनिन मात्र चढत असतं. त्या वेळी कॅथेटर घालायला उशीर करायचा नाही, आणि घातल्यावर पुढचे काही तास लघवी मोजत राहायची, कारण अडलेली मूत्रपिंडं मोकळी झाली की बेसुमार लघवी करू लागतात.

काकांच्या बाबतीत एक गोष्ट अजून उघडीच आहे. ९ चा वेग दोन कारणांनी येऊ शकतो. वाट अडलेली, किंवा पंप दुबळा. चौदा वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बोथट होतात, भरल्याची जाणीव उशिरा होते आणि आवळण्याचा जोर कमी होतो. युरोफ्लोचा कागद या दोघांत फरक करू शकत नाही. तो फरक कळतो मूत्राशयात बारीक नळी घालून लघवी करतानाचा दाब मोजल्यावर. दाब जास्त आणि धार कमी तर अडथळा, दोन्ही कमी तर मूत्राशयच दुबळा, आणि मग प्रोस्टेट कापून फारसं काही हाती लागत नाही. उरलेली लघवी ६५ असताना आणि माणूस समाधानी असताना ही तपासणी मी केली नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लिहून ठेवली आहे. उरलेला आकडा वाढू लागला तर ऑपरेशनची तारीख देण्याआधी दाब मोजायचा, असं फायलीच्या आतल्या पानावर लिहिलं आहे. वरचं 'प्रोस्टेट' त्यांनीच लिहिलेलं, ते मी तसंच राहू दिलं.