'निवांत अष्टविनायक'चा व्हिडिओ आणि ते फिटनेस सर्टिफिकेट

आई-बाबांना अष्टविनायक करायचं होतं, बाबा 76 चे, आई 71 ची. एका ट्रॅव्हल्सचा 'निवांत अष्टविनायक' हा व्हिडिओ आईच्या फोनवर कुणीतरी नातेवाइकांनी पाठवला होता. ज्येष्ठांसाठी खास बस यात्रा, पुशबॅक सीट, वैद्यकीय मदत सोबत, कुठेही घाई नाही, निवांत दर्शन. मागे सनई, एक आजोबा खिडकीतून बाहेर बघत हसतायत. आईने तो इतक्या वेळा बघितला की बुकिंग करण्यावाचून मला पर्यायच नव्हता. बाबांचं एकच, "75 च्या पुढे एसटी फुकट आहे, हजारो रुपये कशाला घालवायचे?" ते खरंच आहे, 2022 पासून राज्यात 75 च्या वरच्यांना एसटी मोफत आहे. पण एसटीने आठ ठिकाणी गाड्या बदलत बाबांना नेणं माझ्याच्याने झालं नसतं. मीही सोबत जाणार होते, म्हणून तीन सीटा.

पैसे भरणं, आधारची झेरॉक्स, फोटो हे सगळं ऑनलाइन पटकन झालं. अडलं ते फिटनेस सर्टिफिकेटवर, आणि अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसने एक छापील फॉर्म दिला. वरचा अर्धा आपण भरायचा, खालच्या अर्ध्यावर डॉक्टरची सही-शिक्का. खाली छापलेलं होतं की सदर व्यक्तीस कोणताही जुनाट आजार नाही व ती प्रवासास पूर्णपणे तंदुरुस्त आहे. आता मला सांगा, सत्तरीच्या पुढचा कोणता माणूस या वाक्यात बसतो? बाबांना डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे, हृदयात स्टेंट घातलेला आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत. आईला बीपी आणि दोन्ही गुडघे. आणि व्हिडिओ तर याच लोकांसाठी काढलाय!

आमच्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि सरळ परत दिला. म्हणाले, मी यावर सही करणार नाही, हे खोटं आहे आणि उद्या काही झालं तर तुमच्याच अंगाशी येईल. मग त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं. आजार कोणते, गोळ्या कोणत्या आणि किती, स्टेंट कधी बसवला, तब्येत सध्या स्थिर आहे, रस्त्याने प्रवास करायला हरकत नाही, पण चढ आणि पायऱ्या टाळाव्यात. मला वाटलं झालं काम.

ऑफिसमधली मुलगी म्हणाली, "मॅडम, हे नाही चालणार, आमच्याच फॉरमॅटवर पाहिजे." मी म्हटलं, अगं यात जास्त माहिती आहे. तर म्हणे सिस्टीममध्ये फॉरमॅट अपलोड करावा लागतो. बरं, मग फॉरमॅटमधली ती ओळ खोडून खाली हे लिहू का? नाही, खाडाखोड चालत नाही. मग करायचं काय? तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "सगळे तसंच आणतात मॅडम, कुठल्याही डॉक्टरची सही चालेल." म्हणजे कोपऱ्यावरच्या कुठल्याही दवाखान्यात जायचं, न तपासता सही घ्यायची आणि यांची फाइल पूर्ण. फोन केला तर साहेब बाहेर गेलेत, मेल केला तर उत्तर नाही, प्रत्यक्ष गेले की तीच मुलगी आणि तेच उत्तर. तिच्यावर राग काढून उपयोग नव्हता, तिला जेवढं सांगितलंय तेवढंच ती बोलत होती. पण राग यायचा तो आलाच.

हट्ट कशासाठी धरला तेही सांगते, कारण घरचेसुद्धा म्हणत होते की कर ना सही कुठूनतरी आणि मोकळी हो. समजा सिद्धटेकला बाबा घसरून पडले आणि डोक्याला लागलं. तिथल्या डॉक्टरला पहिली गोष्ट काय कळायला हवी? की यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, साधा मार असला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. त्या वेळी बसमधल्या मॅनेजरच्या फाइलमध्ये 'कोणताही आजार नाही' असा कागद असेल तर तो नुसता निरुपयोगी नाही, तो चुकीच्या दिशेला नेणारा आहे. दुसरं, टूरच्या पैशात विमाही धरलेला होता. आजार लपवल्याचा कागद आपणच सही करून दिला तर विम्यावाल्यांना नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

शेवटी ऑफिस सोडून मी बससोबत जाणाऱ्या टूर मॅनेजरचा नंबर मागितला, तोही बऱ्याच विनवण्यांनी मिळाला. या माणसाला एका मिनिटात कळलं. म्हणाला, "ताई, मला हाच कागद हवा असतो, फॉरमॅटवाले कागद मी उघडूनही बघत नाही." त्याने ऑफिसला फोन केला आणि डॉक्टरांचं लेटरहेड 'सोबत जोडले आहे' असं लिहून स्वीकारलं गेलं, फॉरमॅटवर डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी ठेवून. इतके दिवस जे होत नव्हतं ते चहा पिता पिता झालं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. तर तुमचंही अडलं तर काउंटरशी वाद घालू नका, गाडीबरोबर जो माणूस असतो त्याच्याशी बोला.

त्याच फोनवर मी 'वैद्यकीय मदत सोबत' म्हणजे नक्की काय ते विचारून घेतलं. बसमध्ये डॉक्टर नसतो. फर्स्ट एड बॉक्स, बीपीचं मशीन, शुगर बघायचं मशीन आणि फोनवर एक डॉक्टर, एवढं असतं. ऑक्सिजन नाही. व्हिडिओत गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली बाई बसमध्ये दिसते ती फक्त व्हिडिओत. याला मी फसवणूक म्हणत नाही, पण हे आधी कळलं की तयारी आपण करतो. मी त्या लेटरहेडच्या झेरॉक्स काढल्या, एक बाबांच्या खिशात, एक आईच्या पर्समध्ये, एक मॅनेजरकडे. रस्त्यात खरंच काही झालं तर 108 ची अॅम्ब्युलन्सच येणार आहे, आणि त्यातल्या डॉक्टरला द्यायला हा कागद लागतो.

'निवांत'चा हिशोब मात्र बुकिंगच्या आधी करा. आठही गणपतींचा फेरा पुण्याहून पुण्याला ढोबळ साडेसहाशे किलोमीटर होतो. गावातले रस्ते, ट्रॅफिक धरून मोठ्या बसला तासाला 40 चा वेग मिळाला तरी खूप. म्हणजे 16 तास नुसतं बसणं. शिवाय प्रत्येक ठिकाणी ज्येष्ठांनी भरलेली बस रिकामी व्हायला, चपला, रांग, दर्शन, परत चढायला निदान तासभर जातो, ते कमीत कमी आठ तास. दोन दिवसांच्या यात्रेत हे सगळं कोंबलं तर रोज कमीत कमी 12 तास, वर जेवणं आणि चहा वेगळे. त्याला निवांत म्हणायला माझी हरकत आहे. याच कंपनीची दोन दिवसांचीही ट्रिप होती आणि व्हिडिओ दोन्हीला तोच! आम्ही तीन दिवसांची घेतली. पहिल्या दिवशी थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, दुसऱ्या दिवशी रांजणगाव, ओझर, लेण्याद्री आणि शेवटी महड, पाली. (महड म्हणजे खोपोलीजवळचं, चवदार तळ्याचं महाड वेगळं. आमच्या शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत वाटत होतं की चवदार तळं पण दाखवणार.) मोरगावपासून सुरू करून मोरगावलाच संपवायचा शास्त्रोक्त क्रम बहुतेक बसेस पाळत नाहीत. आईला ते खटकलं, पण तो धरला तर किलोमीटर आणखी वाढतात.

तारीख बघताना कॅलेंडरवर संकष्टी आणि विनायकी चतुर्थी टाळा, अंगारकी तर अजिबात नको. व्हिडिओतली रिकामी देवळं एखाद्या साध्या वाराची असतात. शिवाय संकष्टीला बसमधलं जेवण उपवासाचं होतं आणि इन्सुलिनवाल्या माणसाला सकाळी साबुदाणा खिचडी आणि रात्री चंद्रोदयापर्यंत थांबणं हे दोन्ही वाईट.

हो, इन्सुलिनचं राहिलंच. बॅग बसच्या डिकीत टाकली तर पेन त्यात ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीची डिकी तापते आणि औषध खराब होतं. मी थर्मासच्या पिशवीत स्वतःजवळ ठेवलं. आणि बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध असेल (आईच्या होतं) तर डॉक्टरांना प्रवासाच्या वेळा सांगून ती कधी घ्यायची ते विचारून घ्या, मनाने मागेपुढे करू नका. नाहीतर दर तासाला बस थांबवा म्हणायची पाळी येते, आणि लाज वाटते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. आमच्या बसमध्ये पहिल्या दिवशी हेच झालं, दोन-तीन आज्यांना संध्याकाळी गरगरायला लागलं. मग मॅनेजरने न मागता दीड-दोन तासांनी गाडी थांबवायला सुरुवात केली.

सीट नंबर आधी मागा. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या रांगेतल्या सीटांना जे दणके बसतात ते पुशबॅकने कमी होत नाहीत. बसची पहिली पायरी फार उंच असते. आमच्याकडे स्टूल होतं, पण ते काढायला क्लीनरला रोज आठवण करावी लागायची.

लेण्याद्री हा एकच खरा प्रश्न होता. बाकी सात ठिकाणी चढ असा नाहीच, इथे गणपती डोंगरातल्या लेण्यात आहे आणि पायऱ्या तीनशेच्या आसपास. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, माकडं आहेत त्यामुळे हातात पिशवी-प्रसाद घेऊन चढू नका. पायथ्याशी डोली मिळते, तिचा भाव जाऊन-येऊन आधी ठरवून घ्यायचा. आई डोलीतून गेली, घाबरत, डोळे मिटून, आणि वर गेल्यावर खाली यायलाच तयार नव्हती. बाबा डॉक्टरांनी सांगितल्यामुळे खालीच राहिले.

आणि इथे एक गोष्ट व्हिडिओत कुणीच सांगत नाही. जे वर जात नाहीत त्यांचं काय? वर जाऊन यायला दोन तास लागतात. तेवढा वेळ ड्रायव्हर बस बंद करून, कुलूप लावून जेवायला गेला होता. बाबा आणि अजून पाच-सहा जण चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर उन्हात बसले होते. मी मॅनेजरला बोलले, त्याने बस उघडून दिली, एसी काही लागला नाही. तेव्हा बुकिंगच्या वेळी विचारा की लेण्याद्रीला खाली थांबणाऱ्यांसाठी बस उघडी असते का, आणि उत्तर फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.