षष्ठातला मंगळ आणि घराचा दावा

चुलतभावाशी वडिलोपार्जित घराच्या ताब्यावरून दावा चालू असलेले एक गृहस्थ 2015 साली माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात पत्रिकेबरोबर पतसंस्थेच्या कर्जाचा कोरा अर्जही होता. "गुरुजी, निकाल माझ्या बाजूने लागणार असेल तरच मी घर तारण ठेवतो," असे ते म्हणाले.

जन्म ऑगस्ट 1954 मधला, सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधीचा, त्यामुळे लग्न कर्क. वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी पुढे सरकली असती तर सिंह लग्न आले असते, षष्ठस्थान रिकामे राहिले असते आणि माझे सगळे विवेचन वाया गेले असते. म्हणून आधी विवाह आणि वडिलांचे निधन यांच्या तारखा दशांशी ताडून पाहिल्या. त्या कर्क लग्नालाच जुळल्या.

षष्ठात धनू राशीत मंगळ आणि राहू होते. या स्थानी पापग्रह शत्रूला पुरून उरतात, शिवाय मंगळ कर्क लग्नाला योगकारक. एवढे पाहूनच "जिंकाल" असे सांगून मोकळे होणारे ज्योतिषी कमी नाहीत. मात्र षष्ठावरून भांडण आणि ऋण कळते, प्रतिपक्षाचे बळ सप्तमावरून पाहावे लागते. इथे सप्तमेश शनी चतुर्थात, म्हणजे घराच्याच स्थानी, तुळेत उच्चीचा होता. ताबा चुलतभावाकडे होता, हे त्याच्याशी जुळणारेच होते. त्याच शनीची तिसरी दृष्टी षष्ठावर पडत असल्याने दावा रेंगाळणार, हेही उघड होते.

षष्ठेश गुरू व्ययस्थानी मिथुनेत होता. याला हर्षयोग म्हणतात आणि त्याने शत्रू नमतो असे मानतात, पण व्यय हे सप्तमापासून सहावे स्थान आहे, त्यामुळे तिथून प्रतिपक्षालाही लढण्याचे बळ मिळते आणि आपला पैसा मात्र बाहेर जातो. गुरूची दृष्टी स्वतःच्या धनू राशीवर असल्याने कर्ज सहज मिळेल, परंतु ते हातात न थांबता खर्चात जाईल, असे मी त्यांना सांगितले. लाभेश आणि चतुर्थेश शुक्र तृतीयात कन्येत नीचीचा होता, म्हणून मागितलेले सगळे पदरात पडेल असे मला वाटत नव्हते.

तेव्हा गुरू महादशेत शनीची अंतर्दशा चालू होती. प्रतिपक्षाच्याच ग्रहाच्या काळात आलेल्या तडजोडीत आपली बाजू पडती राहते. म्हणून ती लगेच स्वीकारू नये, घर तारण ठेवू नये आणि लढायचे तर खर्च टप्प्याटप्प्याने करावा, असा सल्ला मी दिला. निकाल शुक्राच्या अंतर्दशेत, म्हणजे 2019 नंतर अपेक्षित धरला. कागदपत्रांचे मात्र वकिलांनाच विचारा, असेही बजावले.

2021 मध्ये निकाल लागला. घराचा अर्धा हिस्सा त्यांच्या नावे झाला, मागील नुकसानभरपाईची मागणी फेटाळली गेली. चुलतभावाने अपील केले, तेव्हा ते नोटीस घेऊन पुन्हा आले. आधीचाच अंदाज अपिलाला लावता येत नाही, म्हणून त्यांनी प्रश्न विचारला त्या क्षणाची प्रश्नकुंडली मी नव्याने मांडली.