‘जरा नीट करून दे’ म्हटलं आणि महिना गेला

नगरपालिकेचं उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. एकच ओळ: ‘आपण मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नसल्याने माहिती देता येत नाही.’ खाली सही, गोल शिक्का. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे कायद्याने सगळं वेळेत. त्या ओळीचा मला अजून राग येतो, पण खरी चूक ज्या परिच्छेदाने अर्ज बुडवला त्यात होती, आणि तो परिच्छेद तीन शहाण्या माणसांनी सुधारलेला होता.

विषय साधा. आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता झाला, दोन महिन्यांत पाण्याच्या लाइनीसाठी उकरला, आणि चर तसाच राहिला. सासूबाई त्यात दोनदा पडल्या. मी एका रात्री बसून अर्ज लिहिला. त्यातला मधला भाग असा होता: ‘इतका पैसा खर्च करुन रस्ता लगेच का उकरला, कोणी परवानगी दिली, आणी ठेकेदारावर काय कारवाई झाली याची माहीती मिळावी.’ पुढे सासूबाईंचा एक्स-रे, औषधांचा खर्च, गल्लीतल्या शाळकरी पोरांचे हाल. मग तो मजकूर तिघांना मोबाइलवर पाठवला आणि वर लिहिलं, ‘जरा नीट करून दे ना.’

मावशी मराठीच्या शिक्षिका होत्या. तिने ‘आणी’चं ‘आणि’ केलं, ‘माहीती’चं ‘माहिती’, ‘करुन’चं ‘करून’, आणि ‘पाईपलाईन साठी’ हा तोडलेला शब्द ‘पाइपलाइनसाठी’ असा जोडून दिला. सगळं बरोबर. दिराला वाटलं मजकूर मऊ आहे. ‘वहिनी, असं विनवणीत लिहाल तर फाइल हलणार नाही,’ म्हणत त्याने शेवटी ‘अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ घातलं. भाच्याला कुठून तरी दीडशे शब्दांची मर्यादा माहीत होती. ती खरी आहे: महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आतला हवा. माझा सव्वादोनशेच्या आसपास गेला होता. त्याने कात्री लावली, पण एक्स-रे राहिला आणि रस्ता कोणता, कोणत्या महिन्यात उकरला, हेच उडालं. म्हणे, ‘ते त्यांना माहीतच असणार.’

मी तिघांचंही मानलं. शुद्धलेखन मावशीचं, दम दिराचा, लांबी भाच्याची. वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला होता, हे कबूल करते. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला, पोच घेतली. (पोच घ्याच. आवकचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतला नाही तर तीस दिवस कुठून मोजायचे?)

उत्तर आल्यावर अपील करायला निघाले होते. वीस रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत पहिलं अपील, सगळं वाचून ठेवलं होतं. जाताना शेजारच्या काकांना कागद दाखवला. ते जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं लिपिक होते. त्यांच्याकडेही सवयीने तेच म्हणाले, ‘काका, हे जरा नीट करून द्याल?’

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि अर्ज खाली ठेवला. ‘नीट म्हणजे काय करू? भाषा छान आहे. तुला कागद कुठला हवाय, ते सांग.’

मी म्हटलं, ‘रस्ता का उकरला ते हवंय.’

‘तो कागद नाही, तो जाब आहे. जाब विचारायचा तर तक्रार कर. माहिती अधिकारात त्यांच्या कपाटात जे आहे तेवढंच मिळतं. ते बसून तुला नवं उत्तर लिहून देणार नाहीत.’

हे काकांचं मत नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच सांगितलंय की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं कारण म्हणजे ‘माहिती’ नव्हे. मात्र ते कारण फाइलीत कुणी लिहून ठेवलेलं असेल, तर त्या पानाची प्रत मागता येते. सगळा खेळ इथेच होता, आणि आम्ही चौघं मिळून ऱ्हस्व-दीर्घाशी झटत बसलो होतो.

काकांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या प्रत्येक ‘का’ आणि ‘काय’खाली रेघ ओढली. प्रत्येक रेघेला एकच प्रश्न: हे कुठल्या कागदावर असेल? ‘का उकरला’ याचं उत्तर खोदाईच्या परवानगीच्या फाइलीतल्या टिपणीत. ‘कोणी परवानगी दिली’ ते परवानगीपत्रावरच्या सहीत. ‘काय कारवाई झाली’ ते नोटिशीत, आणि नोटीस गेलीच नसेल तर ‘अभिलेखात नाही’ असं लेखी उत्तर. ‘ते उत्तरसुद्धा कामाचं असतं बरं का,’ काका म्हणाले. मग सासूबाईंचा एक्स-रे, पोरांचे हाल आणि दिराचा दम एकदमच खोडला. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावंच लागत नाही, कायद्यातच तसं आहे. रस्ता मुळात कितीला बांधला हाही प्रश्न माझ्या मनात होता. तो काढून वेगळ्या अर्जावर टाकला, कारण तो दुसरा विषय.

शेवटी अर्जात उरलं ते हे:

‘विषय: अमुक गल्लीतील (अमुक घर ते अमुक चौक) काँक्रीट रस्त्याची पाइपलाइनसाठी खोदाई. कालावधी: १ नोव्हेंबर ते आजपर्यंत. तपशील: १) खोदाईच्या परवानगीचा अर्ज व परवानगीपत्र, अटींसह. २) या परवानगीच्या फाइलीतील सर्व टिपण्या. ३) रस्ता पूर्ववत करण्याबाबत ठेकेदारास पाठवलेल्या नोटिसा, पाठवल्या नसल्यास तसे कळवावे. वरील सर्वांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

पन्नासेक शब्द. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘अगं, हे किती कोरडं झालं!’ झालंच. ‘अमुक’च्या जागी खरी नावं होती, आणि महिना लिहायला काकांनी मुद्दाम लावला. जोडपत्र ‘अ’मध्ये कालावधीचा रकाना असतो, तो मोकळा सोडला की ‘कालावधी स्पष्ट नाही’ म्हणून परत पाठवायला सोपं जातं.

अपील केलंच नाही. काकांचं म्हणणं, आपला पहिला अर्जच लंगडा होता, त्यावर भांडण्यात आणखी महिना-दीड महिना जाईल. त्यापेक्षा दहा रुपये परत घाल. घातले.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. कुणाला मजकूर पाठवायचा असेल तर वर लिहा की शुद्धलेखन बघ, किंवा कमी कर, किंवा हे वाचून मला नक्की काय मिळेल ते सांग. मी तिघांना एकच वाक्य पाठवलं आणि तिघांनी आपापल्या हातोटीचं दुरुस्त केलं. तिघांवर चिडायला मला आवडलं असतं, पण जमत नाही.

एकविसाव्या दिवशी पत्र आलं: चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपये भरा. भरले. नोटिशींच्या जागी ‘अभिलेखात आढळून येत नाही’. टिपण्यांत ‘का’चं उत्तर दीड ओळीचं, रस्ता होण्याआधीच लाइन मंजूर होती म्हणे. आणि परवानगीपत्राच्या दुसऱ्या पानावर अट क्रमांक चार: काम संपल्यापासून पंधरा दिवसांत ठेकेदाराने रस्ता स्वखर्चाने पूर्ववत करावा. ते पंधरा दिवस फेब्रुवारीत संपलेत. तक्रारअर्ज आता त्याच पानाची झेरॉक्स जोडून लिहिलाय, चार ओळींचा, आणि तो कुणालाही नीट करायला पाठवलेला नाही.