अंघोळ साडेनऊला, झोप अकराला

परदेशात आल्यापासून माझी अंघोळ रात्रीची झाली. काम उशिरा संपतं. घरी आले की कढत शॉवरखाली वीस मिनिटं उभी राहायचे आणि पावणेअकराला अंग पुसून थेट पांघरुणात शिरायचे. एवढी दमलेली असूनही बारापर्यंत टक्क जागी. उशी गरम, मानेवर घाम, सारखी कूस बदलणं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गरम पाण्यानं तर झोप यायला हवी." तिचं बरोबरच होतं, चुकत होती ती माझी वेळ.

झोपेची वेळ जवळ आली की शरीर आतून हळूहळू निवायला लागतं. मेंदूतलं घड्याळच ते काम सुरू करतं. आतली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः तळहात आणि तळपायांतून. तिथल्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की गरम रक्त भरभरून वर येतं आणि उष्णता हवेत जाते. कोमट-गरम पाणी त्या रक्तवाहिन्या आधीच मोकळ्या करतं. म्हणून अंघोळीचा खरा फायदा आपण न्हाणीघरातून बाहेर पडल्यावर मिळतो. मी मात्र अंग तापलेलं असतानाच पांघरूण ओढून घेत होते, मग ती उष्णता जाणार कुठे?

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. 40 ते 42.5 अंश सेल्सिअसचं पाणी, झोपायच्या एक-दोन तास आधी, अगदी दहा मिनिटं घेतलं तरी झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं त्यांना आढळलं.

आता मी साडेनऊला शॉवर घेते, दहा मिनिटंच. पाणी अंगाला सुखावेल इतकंच गरम, कातडी लाल होईल इतकं नाही. मग सुती कपडे घालते आणि खोलीचा हीटर कमी करते. थोड्या वेळानं पाय हाताला उबदार लागतात, पण कपाळ कोरडं असतं. ही खूण मला फार उपयोगी पडते. अंथरुणात घाम येत असेल, तर पाणी जास्त गरम होतं किंवा अंघोळ उशिरा झाली. पाय पुन्हा गार पडले असतील तर मी सैल मोजे घालते, कारण गार पायांतून उष्णता नीट बाहेर पडत नाही.

ज्या दिवशी घरी यायलाच साडेदहा होतात, त्या दिवशी केस न भिजवता कोमट पाण्यानं पटकन आटोपते.

आईला मात्र मी हे जसंच्या तसं करू दिलं नाही. तिचा रक्तदाब कमी असतो, आणि गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावल्या की तो आणखी उतरून उठताना चक्कर येऊ शकते. ती आता स्टुलावर बसून कोमट पाण्यात फक्त पाय बुडवते, तेही आधी डॉक्टरांना विचारून.