पिठलं रटरटतं तसं

तुम्ही विचारलंत म्हणून: "काकू, पंचेचाळीस मिनिटं ठेवलं, वरचा चुरा छान लाल झाला, तरी अ‍ॅपल क्रंबल वाढायला गेलं की खाली पाणीच पाणी का?"

कारण वरचा चुरा आणि खालची सफरचंदं एकाच वेळी होत नाहीत, आणि आपण बघत असतो तो फक्त चुरा. घरातल्या ओटीजीत वरची सळई भांड्यापासून जेमतेम वीतभर लांब असते. तिच्या आचेनं लोणी-साखरेचा चुरा अर्ध्या तासात लाल होतो. पण एक किलो थंड सफरचंदं मध्यापर्यंत उकळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तुम्ही काढता तेव्हा क्रंबल भाजलेलं असतं, शिजलेलं नसतं.

मला हे सासूबाईंनी शिकवलं. त्यांच्या पंचाहत्तरीला मी पहिल्यांदाच मोठ्या भांड्यात क्रंबल केलं होतं. रंग बघून चाळिसाव्या मिनिटाला बाहेर काढलं. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, जरा वेळ चव घोळवली आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे गं, पण पीठ कच्चं राहिलंय. पिठलं लवकर उतरवलं की असंच लागतं."

"आई, यात बेसन नाही."

"मग दाटपणाला काय घातलंस?"

"कॉर्नफ्लोअर. दीड चमचा."

"मग तेच कच्चं राहिलंय. रटरटलं होतं का?"

ते मी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी घड्याळ फक्त अंदाजाला ठेवते आणि रटरटणं बघून क्रंबल काढते.

आत काय होतं ते सांगते. साखर लागली की सफरचंदाला पाणी सुटतं, आणि ते पाणी बांधून ठेवायचं काम कॉर्नफ्लोअर करतं. त्याचे कण साधारण ६५ अंशांपासून पाणी पिऊन फुगू लागतात, पण रस खरा दाट होतो तो उकळीच्या जवळ, ९० च्या पुढे. त्याआधी काढलं तर अर्धवट फुगलेलं पीठ आणि सुटलेलं पाणी वेगवेगळंच राहतं. पाणी तळाला बसतं आणि जिभेला पिठूळ चव लागते. म्हणून कॉर्नफ्लोअर वाढवून हे पाणी जात नाही. न शिजलेलं पीठ दुप्पट घातलं तर पिठूळपणाच दुप्पट होतो.

माझं माप असं. आठ इंची, दोन इंच खोल काचेचं भांडं. एक किलो सफरचंदं, सोलून आणि बिया काढून साधारण ८०० ग्रॅम राहतात. सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे, ८० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दालचिनीची पूड. लिंबू याहून जास्त पिळू नका, आंबटात फार वेळ उकळलं तर दाट झालेला रस परत सैल पडतो. चुऱ्याला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, ७५ ग्रॅम साखर आणि मूठभर ओट्स. शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं चोळायचं: मूठ आवळली की गोळा व्हावा, बोट लावलं की मोडावा. पिवळं खारट बटर वापरलं तर वेगळं मीठ नको.

हा चुरा फळांवर मोकळा भुरभुरायचा, थापायचा नाही. आणि मधोमध रुपयाएवढी जागा उघडी सोडायची. ती आपली खिडकी. भांड्याच्या कडा सगळ्यात आधी तापतात, त्यामुळे कडेला उकळी दिसली म्हणून आतही आली असं होत नाही. मध्यात काय चाललंय ते या खिडकीतूनच कळतं.

आता ओव्हन. आमच्या ओटीजीची कळ १८० वर ठेवली की आत टांगलेला थर्मामीटर १६० च दाखवतो. मी कळ २१० वर नेते तेव्हा कुठे आत १९० भरतात. तुमचाही एकदा तपासा. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. वीस मिनिटं रिकामा तापवून मग आकडा बघायचा, दिवा विझला की लगेच नाही. भांडं खालच्या जाळीवर ठेवायचं, म्हणजे वरच्या सळईपासून लांब राहतं आणि तळाला आच लागते. खाली एक जुना ट्रे असू द्या, रस ओघळतोच.

गेल्या रविवारचं सांगते, मी वेळ टिपून ठेवली होती. १९० ला भांडं आत गेलं. विसाव्या मिनिटाला दालचिनीचा वास सुटला, पण काचेतून रस नुसता ओला दिसत होता, हालचाल नाही. अठ्ठाविसाव्या मिनिटाला कडेनं बुडबुडे सुरू झाले. हे बुडबुडे बारीक, भराभर येणारे, पांढरट. मटणाच्या रश्श्याला कडेनं उकळी फुटते ना, तसे. बहुतेक जण याच बुडबुड्यांना फसतात. रस अजून पाण्यासारखा पातळ असतो म्हणून तर ते इतके चपळ असतात. पस्तिसाव्या मिनिटाला चुरा हवा तेवढा लाल झाला. मी वर फॉइल सैल टाकली, कडा दाबल्या नाहीत, नाहीतर वाफ कोंडून चुरा मऊ पडतो.

चाळिसाव्या मिनिटाला कडेचे बुडबुडे बदलले. संख्येनं कमी झाले, आकारानं मोठे झाले, आणि फुटायच्या आधी क्षणभर थांबू लागले. रसाचा दुधट रंग जाऊन तो मधासारखा पारदर्शक झाला. कॉर्नफ्लोअर शिजल्याची ही पक्की खूण, यात चूक होत नाही. पण मधली खिडकी अजून शांत होती. ती जागी झाली शेहेचाळिसाव्या मिनिटाला. एक जाडसर फुगा वर आला, फट् करून फुटला, त्याची खळगी सावकाश भरली, मग दुसरा. पिठलं रटरटतं तसं, अगदी तसंच. मी आणखी पाच मिनिटं तसंच रटरटू दिलं आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला बाहेर काढलं. यापुढे ठेवलं असतं तर तुकड्यांचा लगदा झाला असता.

आकडा हवा असेल तर खिडकीतून मध्यात थर्मामीटरची सुई घालून बघा. साताऱ्यात ९३ ते ९५ अंश दाखवले की झालं. शंभराची वाट बघू नका. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंचावर आहे, इथे साधं पाणीच ९७-९८ ला उकळतं. पाचगणी-महाबळेश्वरला तर ९६ च्या आसपास. म्हणून तिकडे माझी बहीण हेच क्रंबल करते तेव्हा मध्याला रटरट सुरू झाल्यावर ती दहा मिनिटं थांबते.

बाहेर काढल्यावर तीस-चाळीस मिनिटं हात लावू नका. गरम असताना शिजलेला रसही थोडा वाहताच असतो, निवताना तो धरतो.

कधी कधी बुडबुडे दिसतच नाहीत, आणि तिथे दोष तुमच्या ओव्हनचा नसतो. ऑगस्टपासून मंडईत शिमल्याची नवी सफरचंदं येतात, मग काश्मीरची. ती करकरीत असतात, त्यांना रस भरपूर सुटतो. एप्रिल-मेमध्ये मिळतात ती बहुतेक शीतगृहातली. चिरताना सुरी आवाज न करता आत जाते आणि फोड बोटात दाबली तर भुसभुशीत लागते. अशा फळात रटरटायला रसच नसतो. त्यात दोन-तीन चमचे पाणी घाला, कॉर्नफ्लोअर एक चमच्यावर आणा, आणि मध्यात सुरी घालून तपासा. सुरी अडखळायला नको आणि पातं बाहेर आल्यावर ओठाला टेकवलं तर चांगलं चटका बसेल इतकं गरम हवं. हळू टेकवा.

स्ट्रॉबेरीचं याच्या उलट. हंगामात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त होते तेव्हा सगळ्यांना तिचं क्रंबल करावंसं वाटतं. तिला सफरचंदापेक्षा कितीतरी जास्त पाणी सुटतं. ८०० ग्रॅमला मी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घालते, आणि नुसती स्ट्रॉबेरी न घेता निम्मी सफरचंदं मिसळते. खूण मात्र इथे जास्त सोपी आहे: रस आधी दुधाळ गुलाबी दिसतो आणि शिजला की एकदम गडद, चकचकीत लाल होतो.

अ‍ॅपल पाय करणाऱ्यांनीही विचारलं होतं. तिथे वर पोळीचं झाकण असतं, म्हणून आधी २२० ला वीस मिनिटं, म्हणजे पोळी धरते, मग १९० ला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. झाकणाला मध्यभागी चार चिरा द्यायच्या आणि त्या चिरांतून तोच जाड, सावकाश रस वर येताना दिसला पाहिजे. चिरांतून नुसती वाफ येत असेल तर अजून वेळ आहे. पाय निवायला तीन तास द्या, अर्ध्या तासात कापला तर सगळं ताटात वाहतं.

आणि तुमचं आत्ता फ्रीजमध्ये ठेवलेलं ते पाणीदार क्रंबल टाकून देऊ नका. अर्धं वाढून झालं असलं तरी ते सुधारतं, कारण त्यातलं कॉर्नफ्लोअर अजून शिजायचंच आहे. काचेचं भांडं तासभर बाहेर ठेवा, थंडगार काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकते. उरलेलं सारखं पसरा, वर फॉइल सैल टाका, १९० ला ठेवा. वीस मिनिटांनी बघायला लागा. मध्यात जाड फुगे फट् फट् फुटू लागले की पाच मिनिटं थांबा, शेवटची दोन मिनिटं फॉइल काढा म्हणजे चुरा परत कुरकुरीत होईल, आणि मग काढा.