एका तुटलेल्या शाफ्टचं भाषांतर

कन्व्हेयरच्या गिअरबॉक्समधून बाहेर येणारा ८० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट तुटला होता. प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत होता, तो मेंटेनन्सच्या फिटर-फोरमनसाठी मराठीत करायचा होता. अकराच पानं होती, दोन दिवसांत उरकेल असं मला वाटलं.

‘फेल्युअर’ला पहिल्या खर्ड्यात ‘शाफ्टचे अपयश’ लिहिलं गेलं होतं. वाचून माझं मलाच हसू आलं, जणू शाफ्ट दहावीला बसला होता. फटीगसाठी ‘श्रांती’ लिहून पाहिलं, पण ते विश्रांतीचं भावंड वाटायचं. शेवटी कारखान्यात बोलतात तसा ‘फटीग’ हाच शब्द ठेवला आणि पहिल्या उल्लेखाशी एक वाक्य जोडलं: एकदा आला तर सहज सोसेल असा ताण लाखो वेळा येत राहिल्याने तडा पडणे आणि तो वाढत जाणे.

खरी अडचण बीच मार्क्सची झाली. तुटलेल्या तोंडाचा फोटो समोर होता. कडेच्या एका बिंदूभोवती एकाबाहेर एक अशा कमानी पसरल्या होत्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. पुढच्याच पानावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो होता आणि त्यातही समांतर रेघा होत्या, त्यांना इंग्रजीत स्ट्राएशन म्हटलं होतं. मी दोन्हींना ‘रेषा’ लिहून मोकळा झालो.

खर्डा वाचून फोरमननी फोन केला. “साहेब, फोटोत चौदा रेषा मोजल्या. पुढे लिहिलंय एक रेषा म्हणजे एक फेरा. म्हणजे चौदा फेऱ्यांत शाफ्ट तुटला?”

त्यांचं वाचणं बरोबर होतं, चूक माझी होती. शाफ्ट वाकलेल्या अवस्थेत फिरतो तेव्हा त्याच्या कातडीवरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तडा वाढत असताना अशा एका चक्रात तो जेवढा पुढे सरकतो, तेवढी एक सूक्ष्म रेघ उठते. बीच मार्क मात्र मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं किंवा भार बदलला की उमटतो. अहवालात एके ठिकाणी सूक्ष्म रेघांमधलं अंतर ०.४ मायक्रॉन होतं आणि तिथेच दोन कमानींमध्ये २ मिलिमीटर. म्हणजे एवढ्याशा पट्ट्यात साधारण ५००० रेघा. शाफ्ट मिनिटाला ४८ फेरे घ्यायचा, तेव्हा हा हिशेब पावणेदोन तासांच्या आसपास जातो. तोही अंदाजच, कारण तडा अगदी सावकाश वाढतो तेव्हा दर फेऱ्याला रेघ उठतेच असं नाही, आणि दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून बऱ्याच खुणा पुसल्याही जातात.

मग दोघांची नावं वेगळी केली. सूक्ष्मदर्शकातल्या त्या ‘चक्ररेघा’. बीच मार्कसाठी ‘ओहोटीच्या रेषा’ हा शब्द मला फार आवडला होता, पण ओहोटीत पाणी मागे हटतं आणि इथे तडा तर पुढे येतो. तडा कुठून सुरू झाला हेच वाचणाऱ्याला शोधायचं असताना दिशा उलटी सुचवणारा शब्द कसा ठेवायचा? ‘थांबा-कमानी’ केलं. फार सुंदर नाही, पण त्यांच्या मधोमधचा बिंदू कुठे बघायचा हे फिटरला लगेच कळलं. तो बिंदू होता खांद्याच्या फिलेटवर, म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो त्या कोपऱ्याला दिलेल्या गोलाईवर. ड्रॉइंगमध्ये तिथली त्रिज्या ३ मिलिमीटर होती, प्रत्यक्षात निघाली ०.५, वर हत्याराचे ओरखडे.

दुसरा फोन जास्त गंभीर होता. शेवटी एकदम तुटलेल्या खडबडीत भागाला मूळ अहवालात ‘ओव्हरलोड झोन’ म्हटलं होतं, मी ‘अतिभाराने तुटलेला भाग’ लिहिलं. फोरमन म्हणाले, “इथे आधीच ऑपरेटरकडे बोट दाखवतायत, माल जास्त टाकला म्हणून. तुमच्या कागदानं त्याच्यावर शिक्काच बसेल.”

अहवाल तर नेमकं उलट सांगत होता. तो भाग एकूण छेदाच्या जेमतेम १५ टक्के होता. तडा ८५ टक्के आत जाईपर्यंत उरलेल्या धातूने भार पेलला, याचा अर्थ नेहमीचा भार कमीच होता. अतिभार झाला तो शेवटच्या त्या उरलेल्या तुकड्याला, आणि तोही रोजच्याच मालाने. मी ओळ बदलली: ‘तडा वाढून उरलेला छेद, जो नेहमीचा भारही न पेलल्याने एकदम तुटला.’

दोन इंग्रजी शब्दांच्या जागी अकरा मराठी शब्द आले. छपाईत तक्त्याचा तो रकाना फुगला आणि मांडणी करणाऱ्याने कुरकुर केली. मी फॉन्ट बारीक करायला सांगितला, वाक्य तसंच ठेवलं.