आधी ऑइल बघा: आमच्या गॅरेजची वाटचाल

आमचं टू व्हीलरचं गॅरेज सुरू झालं तेव्हा मी आणि एक हेल्पर एवढीच फर्म होती, येईल ते काम घ्यायचो, पण हळूहळू लोक क्लचसाठी गाड्या आणायला लागले आणि त्याला कारण झाली एक १५० सीसीची बाईक.

गाडीमालकांना दुसऱ्या एका गॅरेजमध्ये क्लच प्लेटांचा पूर्ण सेट बदला म्हणून सांगितलं होतं. मी स्वतः चालवून बघितली. पहिल्या-दुसऱ्या गिअरला काही कळत नव्हतं, पण टॉप गिअरला थ्रॉटल पूर्ण दिला की इंजिन नुसतं रेज व्हायचं, टॅकोचा काटा वर आणि स्पीड आहे तिथेच. आधी लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जायच्या आधीची मोकळी हालचाल, तपासला कारण केबल ताणलेली असली की प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत आणि लक्षण अगदी हेच दिसतं. बहुतेक बाईकना लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी लागतो, तो बरोबर होता. मग विचारलं ऑइल कुठलं टाकलंय, तर म्हणाले, "कारचं उरलं होतं दादा, भारीतलं फुल सिंथेटिक आहे."

मी कॅन आणायला सांगितला. ५डब्ल्यू-३० होतं, मागच्या बाजूला एपीआय या अमेरिकन संस्थेचं गोल चिन्ह, आणि त्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात रिसोर्स कन्झर्व्हिंग, म्हणजे इंधन वाचवणारं ऑइल. खरी मेख तिथे होती.

कारमध्ये इंजिनचं ऑइल इंजिनपुरतंच, क्लच बाहेर कोरडा असतो (मॅन्युअल गिअरवाल्या कारबद्दल बोलतोय). बाईकमध्ये मात्र बहुतेक वेळा तेच ऑइल इंजिनला, गिअरबॉक्सला आणि क्लचलाही. क्लचमध्ये एक फ्रिक्शन प्लेट, एक स्टील प्लेट अशी थप्पी असते आणि स्प्रिंगा ती दाबून धरतात, म्हणजे ऑइलात भिजलेल्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट पकडायचं असतं. कारच्या मायलेजवाल्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर असतात, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे, त्यांचं कामच धातूवर पातळ थर धरून घर्षण कमी करणं. पिस्टनला ते छान, पण तोच थर स्टील प्लेटवर बसला की पकड सुटते. दोष सिंथेटिकचा नाही हे मी प्रत्येकाला सांगतो, बाईकसाठी बनवलेलं फुल सिंथेटिक बिनधास्त चालतं.

जपानी जासो संस्थेने १९९८ मध्ये यासाठीच टी ९०३ हे स्टँडर्ड आणलं. त्यात एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, त्यातही एमए२ ची पकड जास्त आणि एमए१ ची त्याहून कमी. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते ज्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो त्यांच्यासाठी.

त्या बाईकचं ऑइल इंजिन गरम असताना काढलं, फिल्टर बदलला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए२ भरलं आणि सांगितलं की थोडी चालवून परत आणा, कारण जुनं ऑइल प्लेटांच्या मटेरियलमध्ये आणि इंजिनच्या कोपऱ्यात राहतंच, एका ड्रेनमध्ये सगळं निघत नाही. दुसऱ्यांदा ऑइल बदलल्यावर टॉप गिअरला थ्रॉटल देऊन बघितलं, काटा आणि स्पीड बरोबर चढले. प्लेटा त्याच ठेवल्या. त्यांनीच मग ओळखीच्या लोकांना आमच्याकडे पाठवलं आणि आमचं काम वाढत गेलं.

पण प्रत्येक गाडी अशी वाचत नाही. स्लिप होत असताना तशीच रेमटवली की प्लेटा तापतात, मग ऑइल बदलून उपयोग नसतो. काढलेल्या ऑइलला जळका वास येत असेल तर आम्ही कव्हर खोलतोच. फ्रिक्शन प्लेट काचेसारखी गुळगुळीत झालीय का, स्टील प्लेट निळी पडलीय का ते बघायचं, मग स्टील प्लेट सपाट काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घालून वाकलीय का ते तपासायचं, फ्रिक्शन प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी मॅन्युअलच्या लिमिटशी जुळवायची. नवीन फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या आधी बाईकच्याच ऑइलमध्ये भिजत ठेवतो, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच स्टार्टला जळायची भीती.

आता आमच्याकडे टीम मोठी झालीय पण जॉब कार्डवर ग्रेडच्या शेजारी जासोचा रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर ऑइल भरायचं नाही. एमबीचे कॅन तर वेगळ्या रॅकवर असतात कारण ग्रेड सारखा असला की घाईत हात चुकीच्या कॅनवर जातो. कधी कोणी कारचं १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घेऊन येतं आणि म्हणतं की वर्षानुवर्षं हेच टाकतो, काही झालं नाही. ते खोटं बोलत नसतात, त्या जाड ग्रेडवर रिसोर्स कन्झर्व्हिंग सहसा नसतं म्हणून कित्येक गाड्यांचा क्लच धरतो. पण त्याची जासोची टेस्ट झालेली नसेल तर क्लच धरेलच असं मी लिहून देऊ शकत नाही, म्हणून आमच्या गॅरेजमध्ये ते भरत नाही.